झोपेत दात खाणे: झिजेची खूण ओळखण्यापासून नाइट गार्डच्या देखभालीपर्यंत

झोपेत दात खाणाऱ्या माणसाला बहुधा त्याचा पत्ताच नसतो. आवाज ऐकतो तो शेजारी झोपलेला माणूस, आणि पुष्कळदा तोही उगाच कशाला बोलावे म्हणून गप्प राहतो. डिचोली तालुक्यातील चव्वेचाळीस वर्षांचे एक हिशेबनीस माझ्याकडे आले ते खालच्या डाव्या पहिल्या दाढेत भरलेले सिमेंट दुसऱ्यांदा फुटले म्हणून. या वेळी दाढेचा एक कोपराही सोबत गेला होता. आपण दात खातो हे त्यांना मान्यच नव्हते. बरोबर आलेल्या त्यांच्या पत्नी मात्र म्हणाल्या, "डॉक्टर, मध्यरात्री चिऱ्यावर चिरा घासावा तसा आवाज येतो. मी हलवले की थांबतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू." हा लेख या एका रुग्णाच्या आधारे लिहिला आहे. प्रौढ माणसाने आपल्या दातांवरची झीज कशी पाहावी, ती कशामुळे झाली हे कसे ताडावे आणि नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचे आवरण, बनवून घेताना काय सांभाळावे, एवढाच त्याचा विषय आहे.

आधी कारण समजून घ्या

मूल झोपेत दात खाऊ लागले की आपल्याकडे घरची वडीलधारी माणसे त्याला जंताचे औषध देतात. प्रौढांच्या बाबतीतही अशीच एक जुनी समजूत दंतवैद्यकात दीर्घकाळ टिकून होती. वरचे आणि खालचे दात नीट जुळत नाहीत म्हणून माणूस ते घासून जुळवू पाहतो, अशी ती समजूत. तिच्यापायी कित्येकांचे चांगले दात मशीनने घासून 'जुळवले' गेले. आजच्या समजुतीप्रमाणे या सवयीचा उगम दातांत नाही, तर झोपेत चालणाऱ्या मेंदूच्या कामात आहे.

झोप रात्रभर एकसारखी गाढ नसते. अधूनमधून काही सेकंदांपुरती ती उथळ होते आणि माणूस जागा न होताच मेंदू किंचित सावध होतो. दात खाणाऱ्या माणसात अशा वेळी आधी मेंदूतील लहरींचा वेग वाढतो, हृदयाचे ठोके वाढतात, त्यानंतर जबड्याचे स्नायू आवळले जातात आणि सर्वांत शेवटी दात एकमेकांवर घासतात. दातांचा क्रमांक शेवटचा लागतो ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे नाइट गार्डकडून काय अपेक्षा ठेवायची ते यावरूनच ठरते.

झोप अशी उथळ करणाऱ्या गोष्टी ओळखीच्याच आहेत. मानसिक ताण, रात्री उशिरा घेतलेली कॉफी किंवा कडक चहा, तंबाखू आणि मद्य या त्यांतल्या ठळक. फेणीचे दोन पेले घेतले की झोप पटकन लागते, हे आपल्याकडे सगळेच सांगतात आणि ते खोटेही नाही. पण मद्याचा अंमल उतरू लागतो त्या उत्तररात्रीत झोप वारंवार तुटते आणि दात खाण्याला वाव मिळतो. नैराश्यावरच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ फ्लुओक्झेटिन किंवा सर्ट्रालिनने, काही जणांत ही सवय सुरू होते किंवा वाढते. अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नये, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तसे सांगावे. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे यांचाही या सवयीशी संबंध आढळतो, त्याविषयी पुढे येईलच.

सर्वसाधारणपणे दहा-बारा प्रौढांमागे एकाला ही सवय असते आणि वय वाढेल तशी ती कमी होत जाते. प्रत्येकाच्या दातांना तिने इजा होतेच असे नाही, म्हणून नुसता आवाज येतो एवढ्यावर गार्ड बनवायला धावू नये. दात झिजत असतील, फुटत असतील किंवा जबडा दुखत असेल तरच पुढच्या पायऱ्या लागू होतात.

आरशासमोर झीज पाहणे

दिवसाउजेडी आरसा आणि मोबाईलचा टॉर्च घ्यावा आणि प्रथम सुळे पाहावेत. तरुण वयात सुळ्याला टोक असते. दात खाणाऱ्या माणसात बहुधा तेच सर्वांत आधी जाते आणि तिथे एक सपाट, चकचकीत, कडा स्पष्ट असलेला पैलू दिसू लागतो. त्यानंतर पटाशीच्या दातांच्या कडा एका रेषेत आल्यासारख्या सरळ होतात, आणि पुढे दाढांचे उंचवटे चेपतात.

आता खरी परीक्षा. ज्या बाजूचा सुळा सपाट दिसतो त्या बाजूला खालचा जबडा हळूहळू सरकवावा आणि वरच्या सुळ्याचा पैलू खालच्या सुळ्याच्या पैलूवर बसतो का ते पाहावे. झीज दातावर दात घासून झालेली असेल तर एखाद्या जागी दोन्ही पैलू फुटलेल्या कौलाच्या दोन तुकड्यांसारखे अचूक जुळतात. हिशेबनिसांना मी हे करायला लावले तेव्हा त्यांचा खालचा जबडा इतका डावीकडे गेला की हनुवटी वाकडी दिसू लागली, आणि तिथे दोन्ही सुळे एकमेकांवर चपखल बसले. ते आरशात पाहतच राहिले, कारण भात-आमटी खाताना कोणाचाही जबडा इतका लांब जात नाही. जेवताना न होणाऱ्या हालचालीच्या जागी झीज सापडते, तेव्हा ती जेवणाने झालेली नाही हे उघड आहे.

त्यांच्या खालच्या पटाशीच्या दातांच्या कडांवर मध्यभागी पिवळसर ठिपकेही होते. दाताचे वरचे पांढरे कवच, म्हणजे एनॅमल, दाढेच्या उंचवट्यावर साधारण दोन ते अडीच मिलिमीटर जाड असते आणि पटाशीच्या दातांच्या कडेवर त्याहून पातळ. ते संपले की खालचे पिवळे डेंटीन उघडे पडते. डेंटीन एनॅमलपेक्षा बरेच मऊ असल्याने तिथून पुढची झीज झपाट्याने होते. म्हणून पिवळा ठिपका दिसला की चालढकल करू नये.

तोंडात आणखी काही खुणा सापडतात. जिभेच्या कडेवर दातांचे ठसे उमटलेले असतात, गालाच्या आतून दात मिटतात त्या रेषेत पांढरट पट्टी दिसते, आणि कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यावरचा स्नायू दात आवळल्यावर टणक गोळ्यासारखा हाताला लागतो. यांपैकी एखादी खूण एकटी असेल तर तिला फारसे महत्त्व देऊ नये. दिवसा दात आवळून बसण्याची सवय असलेल्यांतही त्या दिसतात. सकाळी उठल्यावर दोन्ही कानशिले जड वाटणे आणि ते तासाभरात ओसरणे ही तक्रार मात्र आवर्जून सांगावी.

ही झीज दुसऱ्या कशाची तर नाही ना?

झीज दिसली की ती दात खाण्याचीच, असे मानण्याची चूक नवखे दंतवैद्यही करतात. आंबटाने होणारी झीज वेगळी दिसते. सोलकढी, कोकम सरबत, लिंबू सोडा आणि बाटलीतली थंड पेये दिवसभर घोट घोट घेत राहिले, किंवा पोटातले आम्ल वारंवार घशाशी येत असले, की दाताचा पृष्ठभाग आधी मऊ होतो आणि मग विरघळत जातो. त्यात कडा धारदार राहत नाहीत, सगळे गुळगुळीत आणि काहीसे मंद दिसते, दाढेच्या उंचवट्यावर बशीसारखा खोलगट खड्डा पडतो आणि दाढेत भरलेले जुने सिमेंट आजूबाजूच्या दातापेक्षा उंच उरते, कारण आम्लाने दात गेला पण सिमेंट गेले नाही. घासण्याच्या झिजेत सिमेंट आणि दात दोन्ही एकाच पातळीत कापले जातात. हा एक फरक डोळ्यांत ठसला तरी अर्धे निदान झाले. कडक ब्रश किंवा मिश्री लावणाऱ्यांची झीज मात्र हिरडीलगत, दाताच्या मानेवर पाचरीसारखी असते. तिचा या विषयाशी संबंध जवळजवळ नाही.

अडचण अशी की पुष्कळांच्या तोंडात या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. आंबटाने मऊ झालेले एनॅमल रात्री घासले गेले की लवकर जाते. म्हणून झोपण्यापूर्वीची सोलकढी जेवणाबरोबरच संपवावी, आणि ती प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. दातांवरची झीज हा जुना हिशेब असतो. माणूस दहा वर्षांपूर्वी दात खात असेल आणि आता ते थांबले असेल, तरी पैलू तसाच दिसतो. झीज अजून चालू आहे का हे ठरवायला दंतवैद्य दातांचे ठसे घेऊन प्लास्टरचे साचे करतात किंवा स्कॅनरने चित्र घेतात आणि सहा महिने ते वर्षाने पुन्हा तुलना करतात. हिशेबनिसांच्या बाबतीत वाट पाहण्याची गरज नव्हती, कारण ताजी फुटलेली दाढ आणि पत्नीने ऐकलेला आवाज हे दोन्ही आजचेच पुरावे होते.

गार्ड बनवण्यापूर्वी

नाइट गार्डचा ठसा देण्याआधी घोरण्याविषयी स्पष्ट बोलून घ्यावे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिलेले असणे, दिवसा डुलक्या येणे, उच्च रक्तदाब, वाढलेले वजन आणि जाड मान यांपैकी दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. याचे कारण असे की श्वास अडकण्याचा विकार असलेल्या काही रुग्णांत वरच्या जबड्यावरचा साधा गार्ड लावल्यावर तो विकार वाढल्याचे आढळले आहे. दात वाचवताना श्वास कोंडला तर काय उपयोग? हिशेबनीस घोरत होते आणि रक्तदाबाची गोळीही घेत होते, म्हणून मी त्यांना तपासणीला पाठवले. श्वास अडकत नाही असा अहवाल आला आणि मगच पुढचे काम सुरू केले. त्या तीन आठवड्यांत ते थोडे वैतागले, पण वेळ मी मुद्दामच घेतला.

दुसरी गोष्ट क्रमाची आहे. किडलेले दात भरणे, कॅप बसवणे आणि हिरड्यांचा उपचार ही सगळी कामे गार्डच्या आधी उरकावीत. गार्ड दातांच्या आकारावर बेतलेला असतो आणि नंतर एखाद्या दाताला कॅप बसवली की तो त्यावर बसत नाही. हिशेबनिसांच्या फुटलेल्या दाढेला आधी कॅप बसवली, मग ठसा घेतला.

कोणता गार्ड घ्यावा

औषधांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात बुडवून तोंडात चावून आकार द्यायचा गार्ड स्वस्त पडतो. काही रात्री काढायला तो ठीक आहे, पण तो जाड असतो, त्याची दाबाची ठिकाणे कुठे आहेत हे कोणी तपासलेले नसते आणि जोरात दात खाणारा माणूस तो थोड्याच काळात चावून फाडतो. दंतवैद्याकडचा मऊ गार्ड तोंडात सुखद वाटतो, मात्र रबरासारख्या वस्तूवर काही जण जास्तच चावतात असा अनुभव आहे. फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारा छोटा गार्ड मी सहसा सुचवत नाही. रात्रभर मागच्या दाढा मोकळ्या राहिल्या तर काही महिन्यांत त्या किंचित बाहेर सरकू शकतात आणि मग दिवसा दात मिटल्यावर पुढे फट राहते. शिवाय इतकी छोटी वस्तू झोपेत गिळली जाण्याचा धोकाही असतो.

पैलू पडलेले असतील आणि दात फुटत असतील तर वरच्या सगळ्या दातांवर बसणारा कडक ॲक्रिलिकचा गार्ड योग्य ठरतो. ज्यांना टाळूजवळ काही लागताच उलटीची भावना होते त्यांच्यासाठी तो खालच्या जबड्यावर करता येतो. मागच्या दाढांपाशी त्याची जाडी साधारण दोन मिलिमीटर असावी. त्याहून बराच पातळ केला तर तडकतो, आणि फार जाड केला तर ओठ मिटत नाहीत.

गार्ड नेमके काय करतो ते आता सांगता येईल. मेंदूतून येणारी आज्ञा तो थांबवत नाही, त्यामुळे दात खाणे बहुतेकांत चालूच राहते. मात्र एनॅमलवर एनॅमल घासण्याऐवजी खालचे दात ॲक्रिलिकवर घासतात, आणि ॲक्रिलिक एनॅमलपेक्षा कितीतरी मऊ असल्याने झिजतो तो गार्ड. दुसरे काम दाब वाटण्याचे. गार्डचा पृष्ठभाग सपाट असतो आणि खालचा प्रत्येक दात त्याला सारखाच टेकेल असा तो घासून बसवलेला असतो, त्यामुळे एका दाढेच्या एका कोपऱ्यावर येणारा भार सगळ्यांवर विभागला जातो. जबडा बाजूला सरकला की सुळ्यापाशी केलेल्या हलक्या उतारावर तो चढतो आणि मागच्या दाढा एकमेकींपासून सुटतात. दाढ आडव्या जोराने फुटते, म्हणून हा उतार बारीकसा दिसला तरी त्याचे मोल मोठे.

पहिले पंधरा दिवस

गार्ड हातात मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. खुर्चीत बसून निळ्या कागदावर चावायला लावल्यावर गार्डवर खालच्या प्रत्येक दाताचा छोटा ठिपका उमटला पाहिजे. एखाद्या जागी ठसठशीत डाग आणि इतरत्र काहीच नाही, असे असेल तर तो डाग घासून काढायला सांगावे आणि सगळे ठिपके येईपर्यंत उठू नये.

पहिल्या काही रात्री लाळ जास्त सुटते आणि दात आवळल्यासारखे वाटतात. ते आपोआप कमी होते. गार्ड काढल्यावर सकाळी दात नेहमीसारखे मिटत नाहीत असे काही मिनिटे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ते तास-दोन तास टिकत असेल, किंवा एखादा दात अथवा कानापुढचा सांधा रोज दुखत असेल, तर गार्ड दंतवैद्याला दाखवेपर्यंत बाजूला ठेवावा. हिशेबनिसांना दहाव्या दिवशी डाव्या जबड्यात सकाळी ठणका जाणवू लागला. कागद लावून पाहिले तेव्हा शेवटच्या डाव्या दाढेपाशी एकच गडद डाग होता, बाकीचे ठिपके फिके. केसाएवढे ॲक्रिलिक घासले आणि चार दिवसांत ठणका गेला. ते दुखणे सहन करत राहिले असते तर दोष गार्डला देऊन त्यांनी तो कपाटात टाकला असता, आणि कपाटात पडलेले असे गार्ड मी पुष्कळ पाहिले आहेत.

गार्डवरची झीज वाचणे

दातांवरची झीज जुना हिशेब दाखवते, तर गार्डवरची झीज चालू हिशेब दाखवते. म्हणून पहिल्याच दिवशी मी गार्डची जाडी तीन-चार जागी मापनीने मोजून लिहून ठेवतो आणि प्रत्येक तपासणीला रुग्णाने गार्ड बरोबर आणावा असा आग्रह धरतो. हिशेबनिसांच्या गार्डवर तीन महिन्यांत डाव्या सुळ्यापासून बाहेरच्या बाजूला जाणारी, नखाला लागेल अशी चकचकीत वाट तयार झाली. ती त्यांच्या दातांवरच्या पैलूंच्याच दिशेने होती. चौदा महिन्यांनी तिथली जाडी 2.6 वरून 1.9 मिलिमीटरवर आली होती. गार्ड नसता तर दातच 0.7 मिलिमीटर झिजला असता, असा याचा अर्थ नव्हे, कारण ॲक्रिलिक लवकर झिजते. पण सवय अजून चालू आहे आणि ती कोणत्या बाजूला आहे, एवढे त्यावरून निश्चित कळले. दाढेवरची कॅप शाबूत होती आणि पिवळे ठिपके पहिल्या साच्यापेक्षा वाढलेले नव्हते. सकाळचे कानशिलांचे जडपण त्यांना कमी वाटत होते; प्रत्येकाला तसा आराम मिळेलच असे मात्र मी सांगत नाही.

वाट खोल झाली की जबडा तिच्यात अडकू लागतो आणि गार्डचा सपाटपणा हरवतो. अशा वेळी पृष्ठभाग पुन्हा घासून सपाट करता येतो. आरपार भोक पडले किंवा तडा गेला तर मात्र नवीन गार्डच करावा. कडक गार्ड साधारणपणे काही वर्षे टिकतो, मऊ गार्ड त्याहून लवकर जातो. पण नेमका काळ माणसाच्या जोरावर ठरतो.

आपल्या हवेत गार्ड सांभाळणे

सकाळी गार्ड काढल्याबरोबर गार वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने आणि थोड्या सौम्य साबणाने धुवावा. टूथपेस्ट लावू नये, कारण तिच्यातल्या खरखरीत कणांनी ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि त्यांत घाण साचते. गरम पाणी तर मुळीच वापरू नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत राहिलेला गार्ड वाकतो, आणि वाकलेला गार्ड तोंडात जोराने दाबून बसवला तर दात हलू लागतात. पावसाळ्यात आपल्याकडे बंद डबीत ओला गार्ड ठेवला की दोन दिवसांत कुबट वास येतो. म्हणून भोके असलेली डबी घ्यावी, गार्ड पुसून ठेवावा आणि डबीही आठवड्यातून एकदा धुऊन वाळवावी. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर ठेवावी. लाळेच्या वासाने कुत्री गार्ड शोधून काढतात आणि चघळतात. हिशेबनिसांचा दुसरा गार्ड बनवावा लागला तो झिजेमुळे नव्हे, याच कारणाने, आणि त्या वेळी जुना साचा हाताशी असल्याने नव्याने ठसा देण्याचे त्यांचे काम वाचले.